इंटर्नशिपचं ऑफर लेटर आलंय, सही करण्याआधी कोणी नीट समजावून सांगेल का?

कृष्णाकाठ_04 | 8 जानेवारी, रात्री 9.40

नमस्कार. मी सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ईएनटीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आठव्या सेमिस्टरला इंटर्नशिप आहे. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं पत्र काल मेलवर आलं. 12 तारखेच्या आत सही करून स्कॅन परत पाठवायचं आहे. पत्र इंग्रजीत आहे, मुद्द्याचं तेवढं मराठीत उतरवतो. जिथे शब्दावर अडलो तिथे तो शब्द तसाच ठेवलाय.

– कालावधी सहा महिने, 19 जानेवारी 2026 ते 18 जुलै 2026. गरज पडल्यास कंपनी तो तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकेल.
– स्टायपेंड दरमहा 'अप टू' 15,000. त्यातले 10,000 ठरलेले, 5,000 कामगिरीवर. टीडीएस लागू असेल तसा. गैरहजेरीचे पैसे कापले जातील.
– सर्टिफिकेट 'सक्सेसफुल कम्प्लिशन' झाल्यावरच. म्हणजे पूर्ण कालावधी, किमान 90 टक्के हजेरी, आणि प्रोजेक्टचं हँडओव्हर.
– मध्येच सोडल्यास 30 दिवसांची नोटीस, नाहीतर एका महिन्याचा स्टायपेंड परत भरायचा.
– शेवटी फुल टाइम नोकरीसाठी 'मे बी कन्सिडर्ड', कामगिरी आणि 'बिझनेस रिक्वायरमेंट' बघून. सीटीसी, म्हणजे वर्षाचं एकूण पॅकेज, 'अप टू' 4.5 लाख. नोकरी दिली तर 18 महिन्यांचं सर्व्हिस अ‍ॅग्रीमेंट, मोडल्यास 1,00,000.
– इंटर्नशिप चालू असेपर्यंत दुसरी ऑफर घ्यायची नाही.

घरी मी 'पंधरा हजार आणि नंतर साडेचार लाखांची नोकरी' असं सांगून बसलोय. बाबा विचारतायत की पुण्यातला खर्च त्यात निघेल का. मे महिन्यात विद्यापीठाची परीक्षा आहे, त्यासाठी साधारण 12 कामाचे दिवस सुट्टी लागेल. पत्रात परीक्षेबद्दल काही नाही. सही करू का?

---

बिनधास्त_बंडू | रात्री 9.58

कर सही. इंटर्नशिपला एवढा विचार कोण करतं? सर्व्हिस अ‍ॅग्रीमेंटचा बॉन्ड तर कोर्टात टिकतच नाही, बेकायदेशीर असतो. टीडीएसचं टेन्शन असेल तर फॉर्म 15जी भरून दे, कापणार नाहीत.

---

मसुदावाचक | रात्री 10.31

थांब जरा. अशी पत्रं मी कामाचा भाग म्हणून तयारही करते आणि तपासतेही. ह्या पत्रात तसं वावगं काही नाही, पण त्यातली कलमं एकमेकांत अडकलेली आहेत. एकेक वेगळं वाचलंस तर सगळी ठीक वाटतील. तुझे परीक्षेचे 12 दिवस त्यांच्यातून नेऊन बघ, मग कळेल कुठे अडतं.

आधी स्टायपेंड. 'अप टू' 15,000 म्हणजे 15,000 नव्हे. घरी आकडा सांगायचा तो 10,000. उरलेले 5,000 कोण ठरवणार, कशावर ठरवणार, दर महिन्याला देणार की शेवटी एकदम, हे पत्रात नसेल तर ते पैसे मिळाले तर मिळाले असंच धरायचं. बऱ्याच ठिकाणी पहिले दोन महिने 'लर्निंग पिरियड' म्हणून कामगिरीचा भाग शून्य धरतात आणि तसं कुठे लिहिलेलंही नसतं.

आता कपात. 'गैरहजेरीचे पैसे कापले जातील', पण एका दिवसाचा दर कसा काढणार? महिन्याचे 10,000 भागिले 30 केले तर दिवसाला 333 रुपये, 12 दिवसांचे 4,000. भागिले कामाचे 22 दिवस केले तर दिवसाला 455 च्या आसपास, म्हणजे 12 दिवसांचे सुमारे 5,455. पत्र तेच, परीक्षा तीच, फरक जवळजवळ दीड हजाराचा. आणि 30 ने भागणाऱ्या काही कंपन्या सुट्टीच्या मधला शनिवार-रविवारही गैरहजेरीत मोजतात. तेव्हा '30 ने भागतात' एवढं ऐकून खूश होऊ नकोस, मधले शनिवार-रविवार धरतात का तेही विचार.

आणि सगळ्यात महत्त्वाचं हजेरीचं. 19 जानेवारी सोमवार आहे आणि 18 जुलै शनिवार. मध्ये बरोबर 26 आठवडे, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्याने 130 कामाचे दिवस. 90 टक्के म्हणजे 117. तुला सहा महिन्यांत 13 दिवस गैरहजर राहता येतं, त्यातले 12 परीक्षेला गेले. उरला एक. सणांच्या सुट्ट्या कंपनी एकूण दिवसांतून वजा करत असेल तर 130 चे समजा 125 होतात, त्याच्या 10 टक्के साडेबारा. मग उरला अर्धा दिवस. एकदा ताप आला, एकदा गावाकडचं लग्न निघालं, की सर्टिफिकेट गेलं. सहा महिने काम करून.

म्हणून पहिली मागणी ही: विद्यापीठाच्या परीक्षेची सुट्टी हजेरीच्या हिशेबातून वगळली जाईल, असं लिहून घे. पैसे कापले तरी चालतील, हजेरी नाही.

---

कृष्णाकाठ_04 | रात्री 10.47

ताई, हे मी मोजलंच नव्हतं. 90 टक्के म्हटल्यावर 'मी काय रोज दांडी मारणार आहे' एवढाच विचार केला.

---

हिशेबनीस | रात्री 11.05

टीडीएसबद्दल थोडं, कारण वरचा 15जी चा सल्ला इथे चालत नाही. 15जी बँकेच्या व्याजासारख्या उत्पन्नाला चालतो, व्यावसायिक फी म्हणून दिलेल्या पैशाला नाही. आणि बऱ्याच कंपन्या इंटर्नचा स्टायपेंड त्या फीच्याच खात्यात टाकतात. काही जण पगार म्हणून दाखवतात, तिथे एवढ्याशा रकमेवर काही कापलं जात नाही. तेव्हा एचआरला विचार: फी म्हणून देणार की पगार म्हणून?

फी धरली तर नियम असा की एका आर्थिक वर्षात त्या कंपनीकडून 50,000 च्या वर गेलं तर 10 टक्के कापायचे. ही मर्यादा आधी 30,000 होती, एप्रिल 2025 पासून 50,000 आहे. तुझे सहा महिने दोन आर्थिक वर्षांत विभागले गेलेत, हे तुझ्या फायद्याचं आहे. जानेवारीचे 13 दिवस, फेब्रुवारी आणि मार्च मिळून ठरलेल्या 10,000 प्रमाणे सुमारे 24,194 होतात. एप्रिल ते 18 जुलै सुमारे 35,806. दोन्ही वर्षांत मर्यादेच्या आत. कामगिरीचे 5,000 दर महिन्याला पूर्ण मिळाले तर दुसऱ्या वर्षी 53,710 होतात, तेव्हा मात्र कापतील.

कापले तरी बुडत नाहीत. तुझं वर्षाचं उत्पन्न करपात्र नाही, रिटर्न भरलं की परत येतात. फक्त कंपनीने ते तुझ्या पॅनवर जमा केलेत का, हे आयकराच्या पोर्टलवर बघायचं. पॅन दिला नाहीस तर 10 ऐवजी 20 टक्के कापतात. पॅन काढलाय ना?

---

कृष्णाकाठ_04 | रात्री 11.12

हो, पॅन आहे. बँक खातं मात्र सांगलीतच आहे, बारावीत शिष्यवृत्तीसाठी काढलेलं.

---

हिशेबनीस | रात्री 11.15

चालेल. खात्यावरचं आणि पॅनवरचं नाव एकसारखं आहे का ते तेवढं बघ. एकीकडे वडिलांचं नाव मध्ये आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून पहिला स्टायपेंड अडकतो.

---

वाळवणाचे_दिवस | 9 जानेवारी, सकाळी 7.20

माझ्या भाचीलाही इंटर्नशिप मिळाली आहे, पदवीधरांना महिना 10,000 सरकार देतं ती. तिला बॉन्ड वगैरे काही नाही. ह्या मुलाने तिथेच का अर्ज करू नये? कंपनीच्या भानगडीत कशाला पडायचं?

---

टीपीओ_डेस्क | सकाळी 9.02

ताई, तुम्ही म्हणताय ती मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना. 2024 मध्ये सुरू झाली. बारावीला 6,000, आयटीआय आणि डिप्लोमाला 8,000, पदवीधराला 10,000 असं विद्यावेतन. पण ती शिक्षण संपलेल्यांसाठी आहे. ह्याचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे, तो त्यात बसत नाही. आणि ह्याची इंटर्नशिप सेमिस्टरचा भाग आहे, क्रेडिटसाठी करायची आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या.

मी एका कॉलेजचं ट्रेनिंग अँड प्लेसमेंट बघतो, त्या बाजूने सांगतो. मुला, तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट पैशाची नाही, तारखेची आहे. आठव्या सेमिस्टरचे टर्मवर्कचे गुण परीक्षेच्या सुमाराला भरले जातात. त्या वेळी विभाग तुझ्याकडे इंटर्नशिपचं सर्टिफिकेट मागेल. कंपनी मात्र ते 18 जुलैनंतर देणार. मेमध्ये फाइलमध्ये काय लावणार? मुलं तेव्हा एचआरच्या मागे लागतात, एचआर पत्रातलं कलम दाखवतो, आणि गुण भरायची मुदत तोपर्यंत संपते.

ह्यावर उपाय सोपा आहे, पण तो आजच करायचा. कंपनीकडून दोन वेगवेगळे कागद मागायचे. एक मेच्या मध्यावर, कॉलेजसाठी: 'अमुक विद्यार्थी 19 जानेवारीपासून आमच्याकडे इंटर्न आहे, आजवर इतके तास काम झालं, विषय हा, मार्गदर्शक हे.' त्यात कम्प्लिशन हा शब्द नसतो, म्हणून कंपनीला द्यायला अडचण नसते. दुसरा जुलैत, खरं सर्टिफिकेट. पहिल्या कागदात तासांचा आकडा हवाच, कारण क्रेडिट तासांवर मोजतात. साधारण 30 तासांना एक क्रेडिट. तुमच्या विद्यापीठाच्या आराखड्यात तुझ्या विषयाला किती क्रेडिट आहेत ते विभागप्रमुखांना विचारून घे.

आणि तुझ्या कॉलेजने दिलेली एनओसी काढून बघ. तिच्यावर शेवटची तारीख कोणती आहे?

---

कृष्णाकाठ_04 | सकाळी 9.40

सर, आत्ताच बघितलं. एनओसीवर 31 मे 2026 आहे.

---

टीपीओ_डेस्क | सकाळी 9.55

तेच वाटलं होतं. म्हणजे कॉलेज म्हणतंय मेपर्यंत, कंपनी म्हणतेय जुलैपर्यंत आणि हवं तर ऑक्टोबरपर्यंत. जूनमध्ये काही बिनसलं तर तुला कॉलेजचा आधार नाही. तुझ्या कॉलेजच्या टीपीओंकडे, म्हणजे प्लेसमेंट अधिकाऱ्यांकडे, जाऊन एनओसी 18 जुलैपर्यंतची करून घे, किंवा कंपनीला म्हण की कालावधी मेअखेरपर्यंत करा. सहा महिन्यांच्या जागी साडेचार महिने म्हटलं तर बहुतेक नाही म्हणतील, पण विचारायला हरकत नाही. आणखी एक: 'दुसरी ऑफर घ्यायची नाही' हे कलम घेऊनच टीपीओंकडे जा. ह्या पत्रावर सही केल्यावर कॉलेज तुला 'प्लेस्ड' धरणार का? धरलं तर फेब्रुवारी-मार्चच्या कॅम्पस ड्राइव्हला बसता येणार नाही. आणि तुझ्या हातात तर नोकरी नाही, 'मे बी' आहे.

---

बिनधास्त_बंडू | सकाळी 10.10

पण सर, 'मे बी कन्सिडर्ड' लिहिलंय आणि सीटीसीचा आकडा पण दिलाय, म्हणजे नोकरी जवळपास पक्कीच ना? आकडा उगाच कोण लिहील?

---

मसुदावाचक | सकाळी 11.18

नाही रे, आकडा दिल्याने काही पक्कं होत नाही. वाक्य पुन्हा वाच: विचार केला जाऊ शकेल, कामगिरी बघून, कंपनीची गरज बघून, साडेचार लाखांपर्यंत. तीन पायऱ्यांवर तीनदा माघार घ्यायची सोय ठेवलेली आहे. कामगिरी उत्तम असली तरी 'गरज नाही' म्हणता येतं. गरज असली तरी तीन लाखांची ऑफर देता येते, तीही 'अप टू' साडेचारमध्येच बसते. ह्यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. जानेवारीत कंपनीलाच माहीत नसतं की जुलैत किती जागा असतील. पण तू मात्र ती नोकरी आहे असं धरून बाकीचे दरवाजे बंद करतोयस, तिथे चूक होतेय.

खरी नोकरीची ऑफर वेगळ्या कागदावर येते. तिच्यात पद असतं, रुजू व्हायची तारीख असते, पगाराची फोड असलेलं परिशिष्ट असतं आणि ती किती तारखेपर्यंत स्वीकारायची ते असतं. ह्यातलं काहीही तुझ्या पत्रात नाही. म्हणून एचआरला हे विचार: मूल्यमापन कोणत्या महिन्यात होतं, कोण करतं, आणि निर्णय किती तारखेपर्यंत कळवता? जुलैच्या मध्याला 'नाही' म्हटलं तर तोवर बाकीच्यांची भरती उरकलेली असते. मेअखेर कळलं तर हातात दीड महिना राहतो. आणि एक साधा प्रश्न, जो मुलं विचारायला लाजतात: मागच्या वर्षी किती इंटर्न होते आणि त्यातल्या किती जणांना घेतलं? उत्तर टाळलं तर तेही एक उत्तरच. त्याच कंपनीत मागच्या वर्षी गेलेला एखादा सीनियर कॉलेजातून शोध, त्याच्याकडून पाच मिनिटांत कळेल.

सर्टिफिकेटबद्दल एक राहिलं. 'सक्सेसफुल' हा शब्द पत्रात आहे, पण सक्सेसफुल म्हणजे काय ते तीन अटींतच संपतं की आणखी 'कंपनीच्या मर्जीनुसार' असं काही शेपूट आहे? शोधून सांग.

---

कृष्णाकाठ_04 | सकाळी 11.50

आहे ताई. शेवटी लिहिलंय, 'अ‍ॅट द सोल डिस्क्रिशन ऑफ द मॅनेजमेंट'. ह्याचा अर्थ काहीही करून नाकारू शकतात?

---

मसुदावाचक | दुपारी 12.25

शब्दाप्रमाणे हो. प्रत्यक्षात असं फार क्वचित नाकारतात, पण ते हत्यार राहतं त्यांच्या हातात. सहसा वापरलं जातं ते कोणी नोकरीची ऑफर नाकारली किंवा नोटीस न देता गेला तेव्हा. हे शब्द काढा असं म्हणालास तर काढणार नाहीत, छापील मसुदा असतो. त्याऐवजी असं मागायचं की पूर्ण कालावधी झाला नाही तरी जेवढे दिवस काम केलं तेवढ्या तारखांचं पत्र मिळेल. बरेच जण हे मेलवर मान्य करतात, कारण ती वस्तुस्थितीच असते.

आणि सर्टिफिकेट हातात पडेल तेव्हा त्यावर एवढं बघायचं: नाव मार्कशीटवर आहे तसंच, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, काम काय केलं त्याची एक ओळ, लेटरहेड, सही करणाऱ्याचं पद आणि पडताळणीसाठी कंपनीच्या डोमेनचा ईमेल. पुढे नोकरी लागते तेव्हा पडताळणी करणारी एजन्सी ह्याच ईमेलवर विचारते. सर्टिफिकेटवर 18 जुलै आणि रिझ्युमेवर 'जानेवारी ते ऑगस्ट' असं असलं की तिथे शंका घेतात. स्टायपेंड बँकेत ज्या तारखांना आला त्याही जुळायला हव्यात, म्हणून रोख घेऊ नकोस.

---

काळा_कोट | दुपारी 1.05

'बॉन्ड टिकतच नाही' हे अर्धंच बरोबर आहे. नोकरी सोडल्यावर अमुक ठिकाणी जायचं नाही, अमुक काम करायचं नाही, असं बंधन करार कायदा 1872 च्या कलम 27 मुळे टिकत नाही. पण नोकरीत इतका काळ राहा, नाहीतर इतके भर, हे वेगळं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख भरायची अट योग्य ठरवली. तिथे सरकारी बँक होती, जाहिरात काढून भरती करण्याचा खर्च हा मुद्दा होता. तो निकाल खासगी कंपनीच्या नवख्या मुलाला जसाच्या तसा लागेल असं मी म्हणणार नाही, पण बॉन्ड म्हणजे कागदाचा तुकडा असं समजून सहीही करू नये.

त्याच कायद्याच्या कलम 74 प्रमाणे कंपनीला वाजवी भरपाई मिळते. करारात लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे. एक लाखाचा खर्च खरंच झाला का, प्रशिक्षण दिलं का, हे सगळं निघतं.

तुझ्यासाठी आत्ता प्रश्न वेगळा आहे. वाक्य शब्दशः काय आहे? नोकरी मिळाल्यावर तू वेगळं अ‍ॅग्रीमेंट करशील, की ह्याच सहीने ते मान्य धरलं जाईल? 'शाल एंटर इनटू' असेल तर तेव्हा वेगळी सही होईल. पण नोकरी नाकारली तरीही काही देणं लागतं का, ते बघ.

---

कृष्णाकाठ_04 | दुपारी 1.40

'इंटर्न शाल एंटर इनटू' असंच आहे. नाकारलं तर काय, हे लिहिलेलं नाही.

---

काळा_कोट | दुपारी 2.10

मग हाच प्रश्न मेलमध्ये टाक: नोकरीची ऑफर आली आणि मी ती घेतली नाही, तर सर्टिफिकेटवर किंवा स्टायपेंडवर परिणाम होईल का? 'नाही' असं एका ओळीत आलं की पुरे. आणि कोणत्याही टप्प्यावर मूळ मार्कशीट किंवा सही केलेला कोरा चेक मागितला, तर देऊ नकोस. दाखवायला मूळ, द्यायला झेरॉक्स.

त्या 30 दिवसांच्या नोटिशीबद्दल माझं आणि माझ्या एका सहकाऱ्याचं एकमत नाही. शिकाऊ मुलाकडून महिन्याचा स्टायपेंड परत घेणं म्हणजे केलेल्या कामाचे पैसे काढून घेणं, असं तो म्हणतो. माझं म्हणणं, करारात आहे तर निदान शेवटच्या महिन्याचा स्टायपेंड अडकवतीलच, मग भांडत बसावं लागेल. व्यवहारात दोन्हीकडून नोटीस समान आहे का बघ. कंपनीने उद्या 'येऊ नकोस' म्हटलं तर ती तुला 30 दिवस देते का?

---

वाळवणाचे_दिवस | दुपारी 3.30

बाळा, बाबा खर्चाचं विचारतायत म्हणून सांगते. पुण्यात खोलीची अनामत आधी भरावी लागते, जेवणाचा डबा वेगळा. आणि पहिल्या महिन्याचे पैसे कधी येतात ते विचार. 19 जानेवारीला रुजू झालास तर फेब्रुवारीत पूर्ण महिन्याचे येतील असं धरू नकोस.

---

हिशेबनीस | दुपारी 3.52

ताईंनी नेमकं सांगितलं. जानेवारीचे 13 दिवस म्हणजे सुमारे 4,194 रुपये. पुढच्या महिन्याच्या 10 तारखेला स्टायपेंड देणारी कंपनी असेल तर 10 फेब्रुवारीला तेवढेच येतील आणि पहिले 10,000 येतील 10 मार्चला. म्हणजे अनामत, पहिलं भाडं आणि जवळजवळ दोन महिन्यांचा डबा घरून. बाबांना सहा महिन्यांच्या एकूण आकड्यापेक्षा हे आधी सांग. कित्येक कंपन्या नवीन खातं आणि पॅन तपासणीच्या नावाखाली जानेवारीचे पैसे फेब्रुवारीच्या स्टायपेंडबरोबरच देतात, तेही विचारून ठेव.

---

मसुदावाचक | दुपारी 4.15

आता मेल लिही. फोनवर बोल, पण उत्तर मेलवरच घे. एचआर बदलतात, मेल राहतो. सात-आठ प्रश्न टाकू नकोस, गोंधळात अर्धी उत्तरं राहून जातात. चारच विचार, ह्या क्रमाने. परीक्षेचे 12 दिवस, वेळापत्रक जोडून, हजेरीतून वगळणार का आणि कपात कितीने भागून. मेमध्ये कॉलेजसाठी तासांचं पत्र मिळेल का. नोकरीचा निर्णय किती तारखेपर्यंत, आणि नाकारल्यास सर्टिफिकेटला धक्का नाही ना. कालावधी वाढवायचा झाला तर माझी लेखी संमती घेणार का.

शेवटचा प्रश्न विसरू नकोस. 'कंपनी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकेल' आणि 'पूर्ण कालावधी झाल्यावर सर्टिफिकेट' ही दोन वाक्यं एकत्र वाचलीस तर जुलैमध्ये कालावधी वाढवून सर्टिफिकेट ऑक्टोबरपर्यंत लांबवता येतं, त्याच 10,000 वर. 'संमतीने' एवढा शब्द आला की ते दार बंद होतं.

सुरुवातीला लिही की ऑफरबद्दल आभार, रुजू व्हायची इच्छा आहे, सही करण्याआधी चार गोष्टी स्पष्ट हव्यात. मराठी मुलं इथे एकतर घाबरून काहीच विचारत नाहीत, नाहीतर एकदम 'तुमचं कलम चुकीचं आहे' म्हणतात. दोन्हीची गरज नाही.

---

बिनधास्त_बंडू | सायंकाळी 5.02

एवढं विचारलं म्हणून ऑफर काढून घेतली तर?

---

टीपीओ_डेस्क | सायंकाळी 5.30

परीक्षेच्या तारखा विचारल्या म्हणून पत्र मागे घेतलेलं मी पाहिलेलं नाही. विद्यार्थी घेतलाय म्हणजे परीक्षा येणार, हे त्यांना माहीत असतं. उत्तर उशिरा येतं, हे मात्र होतं. 12 तारखेला सोमवार आहे. मेल आजच पाठव, मध्ये शनिवार-रविवार आहे.

---

कृष्णाकाठ_04 | 12 जानेवारी, दुपारी 2.45

उत्तर आलं. सगळ्यांना सांगतो.

परीक्षेची सुट्टी हजेरीच्या हिशेबात धरणार नाहीत, पण बिनपगारी असेल. 30 ने भागणार, आणि मधले शनिवार-रविवार कापणार नाहीत. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तासांचं पत्र देऊ म्हणाले, मसुदा कॉलेजनेच पाठवायचा. कालावधी 'म्युच्युअल कन्सेंट'ने वाढेल असं मेलवर लिहिलंय. नोकरीचा निर्णय 'इंटर्नशिप संपण्याच्या सुमाराला', तारीख दिली नाही. नाकारल्यास सर्टिफिकेटचं काय, ह्या ओळीला उत्तरच नाही. मागच्या वर्षी इथे गेलेला एक सीनियर सापडला, तो म्हणाला त्याच्या टीममधल्या पाचपैकी दोघांना घेतलं, बाकी टीमचं त्याला माहीत नाही.

आमच्या कॉलेजचे टीपीओ सर म्हणाले एनओसी 18 जुलैपर्यंत करून देतो, आणि कंपनीने लेखी पीपीओ, म्हणजे इंटर्नशिपनंतरच्या नोकरीची ऑफर, दिल्याशिवाय कॉलेज प्लेस्ड धरणार नाही. पण 'दुसरी ऑफर घ्यायची नाही' हे कलम तसंच आहे. ड्राइव्हला बसणं म्हणजे ऑफर घेणं का?

---

काळा_कोट | दुपारी 3.20

शब्द 'अ‍ॅक्सेप्ट' असेल तर बसणं म्हणजे स्वीकारणं नव्हे, असं मी वाचेन. कंपनी वेगळं वाचू शकते. मूळ वाक्य जसंच्या तसं इथे टाक.

---

मसुदावाचक | दुपारी 3.34

हे उत्तर आलेला मेल आणि तू पाठवलेला मेल, दोन्हींची पीडीएफ करून पत्रासोबत ठेव. सही करून पाठवतानाच्या मेलमध्ये एक ओळ टाक: 'आपल्या आजच्या मेलमधील स्पष्टीकरणानुसार स्वीकारत आहे.' नाकारल्यास सर्टिफिकेटचं काय, तो प्रश्न त्याच मेलमध्ये पुन्हा एकदा विचार.

---

कृष्णाकाठ_04 | दुपारी 4.10

शब्द 'अ‍ॅक्सेप्ट ऑर परस्यू' असा आहे.

---

काळा_कोट | दुपारी 4.18

'परस्यू' म्हणजे मिळवायचा प्रयत्न करणं, ते आहे तर मग मुलाखतीलाही लागू धरता येईल. पाठवण्याआधी मला संध्याकाळपर्यंत वेळ दे. 'कॉलेजच्या माध्यमातून होणारे कॅम्पस ड्राइव्ह वगळून' एवढीच भर मागता येईल का ते बघतो, दोन ओळींचा मसुदा इथेच टाकतो.